कोणतं मंगरूळ? एकाच नावाच्या चार गावांतून आपलं गाव नेमकं शोधायचं कसं

मागच्या उन्हाळ्यात पुण्याचा एक दोस्त आला, हातात आजोबांचा 1949 चा शाळेचा दाखला. त्याला जात पडताळणीसाठी आजोबांच्या जन्माची नोंद पाहिजे होती, ओबीसी असल्यामुळे 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि दाखल्यावर जन्मगाव म्हणून एवढंच लिहिलेलं, "मंगरूळ, तालुका चांदूर, जिल्हा अमरावती". तो म्हणे सोपं आहे, मॅपवर टाकलं की दिसते. टाकलं, तर मॅपने सरळ मंगरूळपीर दाखवलं. ते वाशिम जिल्ह्यात आहे, स्वतःच तालुक्याचं ठिकाण आहे, दाखल्याशी त्याचा काही संबंध नाही. मग आम्ही अमरावती जिल्ह्यातलं जे मंगरूळ आधी दिसलं तिकडं गाडी घातली आणि एक अख्खा दिवस अन् पेट्रोल वाया घालवलं. ती चूक माझीच होती कारण मी इथलाच, मला तरी कळायला पाहिजे होतं. तर नवीन लोकांसाठी हे सगळं एकदा व्यवस्थित लिहून ठेवतो, कारण मंगरूळच नाही, विदर्भात पिंपळगाव, वडगाव, बोरगाव, लोणी, पार्डी, हिवरा, सावरगाव, नांदगाव यातलं कोणतंही नाव घ्या, दोनचार तालुके सोडले की परत तेच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, गावातल्या माणसाला आपल्या गावाचं पूर्ण नाव लागत नाही. धामणगावचा माणूस "धामणगाव" एवढंच म्हणतो. रेल्वे, बढे, गढी हे शेपूट बाहेरच्यांसाठी असतं. धामणगाव रेल्वे अमरावती जिल्ह्यात, धामणगाव गढी पण अमरावती जिल्ह्यातच, आणि धामणगाव बढे बुलढाण्यात मोताळा तालुक्यात. कारंजा लाड वाशिममध्ये आणि कारंजा घाडगे वर्ध्यात, दोन्ही तालुक्याची ठिकाणं. तळेगाव दशासर अमरावतीत, तळेगाव श्यामजीपंत वर्ध्यात. आता घरातल्या जुन्या माणसानं सांगितलेलं किंवा गावातल्याच मास्तरनं लिहिलेलं नाव असेल तर त्यात शेपूट नसण्याचीच शक्यता जास्त, आणि आपल्याला शोधायचं असतं नेमकं तेच.

मग सुरुवात कुठून करायची? मॅपवरून नाही. कागदावरून.

कागदावर गावाच्या नावाखेरीज जे जे लिहिलं आहे ते सगळं एका कोऱ्या पानावर जसंच्या तसं उतरवून घ्या. तालुका, जिल्हा, पोस्ट, पोलीस ठाणं, कागद कोणत्या कचेरीत झाला, शिक्क्यावर काय आहे, साक्षीदार कुठले, शेताचा कागद असेल तर चतुःसीमेत काय लिहिलं आहे. नागपूरकडच्या कागदांवर "मौजा", "तह." आणि "प.ह.नं." म्हणजे पटवारी हलका नंबर असतो, वऱ्हाडातल्या कागदावर "मौजे" आणि "ता." जास्त दिसतं, तेवढ्यावरून पण कधीकधी कोणत्या बाजूला बघायचं याचा अंदाज येतो. "पो. खास" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ त्याच गावात पोस्ट होतं, खास नावाचं गाव नका शोधत बसू, एक जण खरंच शोधत होता.

स्पेलिंगच्या मागे लागू नका पण उच्चाराकडं लक्ष द्या. आपल्या वऱ्हाडीत ळ चा य होतो, मंगरूळचं मंगरूय, पिंपळगावचं पिंपयगाव, तळेगावचं तयेगाव. लिहिणारा बाहेरचा असला की त्यानं कानाला ऐकू आलं तेच लिहून टाकलेलं असतं. आणि इंग्रजीत गेलं की अजून मजा, Mangrul, Mangrool, Mangarul, तिन्ही एकच. व चं कुठं W कुठं V होतं. म्हणून शोधताना पूर्ण नाव टाकायचंच नाही, पुढं सांगतो कसं.

आता दुसरं काम, आणि इथंच नवीन लोक सगळ्यात जास्त फसतात. कागदावरचा तालुका-जिल्हा हा त्या वर्षीचा असतो, आजचा नाही. वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झाला, गोंदिया 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून, गडचिरोली 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून. त्याच्या आधीच्या कागदावर "जि. चांदा" असेल तर गाव आज चंद्रपुरात पण असू शकतं अन् गडचिरोलीत पण. राजुऱ्याकडचा कागद 1956 च्या आधीचा असेल तर त्यावर आदिलाबाद जिल्हा असतो कारण तो भाग हैदराबाद राज्यात होता. आणि 1950 ते 1956 मधल्या कागदावर राज्य म्हणून मध्यप्रदेश लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, तेव्हा विदर्भ मध्यप्रदेशातच होता, राजधानी नागपूर. मला एकीनं फोन करून विचारलं होतं की आमचे पणजोबा एमपीचे होते का. नव्हते, ते दर्यापूरचेच होते.

आमच्या कागदावर "तालुका चांदूर" होतं. आता अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन, चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार, म्हणजे गाव तर गाव, तालुका पण डबल. पण 1949 मध्ये चांदूर बाजार हा तालुका नव्हता, तो भाग अचलपूर तालुक्यात होता. जुन्या कागदावरचा नुसता "तालुका चांदूर" म्हणजे चांदूर रेल्वे. आणि तो जुना चांदूर तालुका लय मोठा होता, आजचा धामणगाव रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर हे दोन्ही तालुके त्याच्याच पोटातून निघालेले आहेत. म्हणजे आपलं मंगरूळ आज चांदूर रेल्वे तालुक्यात असलंच पाहिजे असं काही नाही, ते या तिन्हीपैकी कुठंही असू शकतं. हे मी गाडी काढायच्या आधी बसून लिहिलं असतं तर दिवस वाचला असता.

तिसरं काम, उमेदवारांची यादी. इथं मॅप नाही वापरायचा, सरकारी यादी वापरायची, कारण मॅप त्याला जे प्रसिद्ध वाटतं ते आधी दाखवतो आणि यादी सगळी गावं सारखीच दाखवते. lgdirectory.gov.in ही केंद्र सरकारची गावांची डिरेक्टरी आहे, तिथं `Download Directory` मधून जिल्ह्याच्या गावांची यादी उतरवता येते. ती एक्सेलमध्ये उघडा, गावाच्या नावाच्या कॉलमला फिल्टर लावा आणि सर्चच्या डब्यात असं टाका:

```
*mang*r*l*
```

चांदणीचा अर्थ मध्ये काहीही असू द्या. याच्यात मंगरूळची सगळी स्पेलिंगं येतात, शेपूटवाली पण. दोनचार भलतीच गावं पण येतील, ती डोळ्यानं वगळायची. प्रत्येक गावासमोर तालुका असतो आणि गावाचा कोड असतो, कोड लिहून घ्याच, पुढं नावापेक्षा तोच कामी येतो. 2011 च्या जनगणनेत पण प्रत्येक गावाला सहा आकडी कोड दिलेला आहे, पण तो आणि डिरेक्टरीचा कोड एकच असेल असं धरू नका, दोन्हीची सरमिसळ करू नका. कोणता कोड कुठला ते शेजारी लिहायचं.

मराठी नाव पाहिजे असेल तर सातबाऱ्याची साइट उघडा, bhulekh.mahabhumi.gov.in, विभाग, जिल्हा, तालुका निवडत गेलं की गावांची यादी खाली पडते. सातबारा काढायची गरज नाही, फक्त यादीत नाव कसं लिहिलं आहे ते बघायचं, कारण तहसीलमध्ये अर्ज देताना तेच लिहावं लागतं. एकाच तालुक्यात दोन असतील तर खुर्द-बुद्रुक किंवा असंच काहीतरी लावलेलं दिसतं.

यादीतली एक गोष्ट मात्र नीट पाहा. काही गावं नुसती कागदावर असतात, आपल्याकडं त्याला रिठी म्हणतात. शिवार आहे, सातबारे आहेत, पण माणूस राहत नाही, कधीकाळी प्लेगनं नाहीतर पाण्यावाचून उठून गेलेलं गाव. जनगणनेच्या यादीत लोकसंख्या शून्य दिसली की समजायचं. आजोबा 1930 मध्ये तिथं जन्मले असं होऊ शकत नाही का? होऊ शकतं, गाव नंतर उठलं असेल तर. म्हणून रिठी लगेच खोडायची नाही, शेवटी ठेवायची. याच्या उलट धरणाखाली गेलेली गावं, गोसीखुर्दसारख्या प्रकल्पात हललेली, तिथं नाव तेच राहतं अन् जागा बदलते. मेळघाटातली पण काही गावं खाली अकोट तालुक्यात आणून वसवलेली आहेत. तिथं "खरी जागा कोणती" याची उत्तरं दोन असतात, जुनी आणि नवी, आणि दोन्ही लिहावी लागतात.

आमच्या यादीत जुन्या चांदूर तालुक्याच्या हद्दीतले कामाचे दोनच उरले. मंगरूळ दस्तगीर, तालुका धामणगाव रेल्वे. आणि मंगरूळ चव्हाळा, तालुका नांदगाव खंडेश्वर. दोन्ही मोठी गावं, दोन्हीकडं पोलीस स्टेशन आहे, म्हणजे "मोठं गाव होतं म्हणे" असल्या आठवणींचा काही उपयोग नाही.

पिनकोडनं सुटेल असं वाटतं लोकांना. नाही सुटत. पिनकोड देशात सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला, त्याआधीच्या कागदावर तो नसतोच. आणि नवीन कागदावर असला तरी पहिले तीन आकडे फार तर एवढं सांगतात की 445 म्हणजे यवतमाळ, 443 म्हणजे बुलढाणा. 444 मध्ये अमरावती, अकोला, वाशिम तिन्ही बसतात, त्यामुळं तिन्ही मंगरूळांची सुरुवात 444 नेच होते. पूर्ण सहा आकडे असले तर मदत होते पण तेव्हाही लक्षात ठेवा की पिन हा गावाचा नसतो, डाक वाटणाऱ्या पोस्टाचा असतो. एका पिनखाली वीसपंचवीस गावं असू शकतात आणि पोस्ट कधीकधी शेजारच्या तालुक्यातलं असतं. पत्त्यात "पो." पुढं जे गाव आहे त्यावरून तालुका ठरवू नका, फसाल. ते गाव जवळ कुठंतरी आहे एवढंच त्यातून घ्या.

मग सुटतं कशानं? शेजाऱ्यांनी. ही सगळ्या लेखातली कामाची गोष्ट आहे. एकाच नावाची दोन गावं असतात, पण तेच शेजार असलेली दोन गावं सहसा नसतात. शेताच्या जुन्या खरेदीखतात चतुःसीमा असते, पूर्वेस अमुकची शिव, दक्षिणेस नाला, ते मिळालं तर अर्ध्या तासाचं काम. ते नसेल तर साक्षीदारांचे गाव, आजीचं माहेर, आत्या कुठं दिली, बाजाराला कुठं जात होते, देवाला कुठं जात होते, कोणत्या नदीवर राख टाकली. लग्नं तेव्हा बैलगाडीच्या अंतरावर होत होती, म्हणून माहेर-सासरची गावं बहुतेक पंधरावीस मैलांच्या आतच निघतात. पक्का पुरावा नाही तो, पण दिशा देतो.

फक्त शेजारी निवडताना दुर्मिळ नावाचा निवडा. मंगरूळच्या शेजारी बोरगाव आहे म्हणून काही कळत नाही, बोरगाव तर प्रत्येक तालुक्यात सापडतं. आणि इथं आमच्या केसमध्ये जे झालं ते सांगतो. दोस्ताच्या घरी अजून एक कागद होता, एका जुन्या शेताच्या सौद्याची नक्कल, मोडीतली नाही, बाळबोधच, पण शाई उडालेली. त्यात साक्षीदाराच्या नावापुढं "रा. बोरगाव नि." असं होतं. आम्ही "नि." म्हणजे निवासी समजून ते सोडून दिलं. पण अरे, "रा." म्हणजेच राहणार, मग परत निवासी कशाला लिहील कोणी? घरी येऊन रात्री यादी चाळताना डोक्यात प्रकाश पडला, बोरगाव निस्ताने. ते धामणगाव रेल्वे तालुक्यात आहे. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात "बोरगाव नि." होईल असं काही यादीत नव्हतं. जुने लिहिणारे शेपूट एकदा पूर्ण लिहायचे आणि मग पुढं नि., बु., खु., क. असं तोडून टाकायचे, म्हणून नावापुढचं एकुलतं अक्षर कधीच सोडू नका, शाईचा डाग वाटला तरी.

एका साक्षीदारावर मात्र मी निकाल देत नाही. साक्षीदार दुसऱ्या गावचा नातेवाईक पण असू शकतो, तालुक्याच्या कचेरीत त्या दिवशी भेटलेला कोणी ओळखीचा पण असू शकतो. म्हणून नियम असा ठेवा की एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन तरी खुणा एकाच गावाकडं बोट दाखवल्या पाहिजेत. दाखला अन् त्याच दाखल्यावरून काढलेली टीसी या दोन खुणा नाहीत, ती एकच आहे.

दुसरी खूण आजोबांच्या बहिणीकडं, म्हणजे दोस्ताच्या वडिलांच्या आत्याबाईंकडं निघाली. वय ऐंशीच्या वर, ऐकू कमी येतं, फोनवर काही जमलं नाही म्हणून दोस्त प्रत्यक्ष जाऊन बसला. तिला गावाचं शेपूट आठवत नव्हतं, नकाशा तर विचारूच नका. पण दोन गोष्टी ती बोलून गेली. एक, वडील कापसाची गाडी घेऊन पहाटे निघायचे आणि सकाळच्या जेवणाच्या आत "टेसनावर" पोचायचे. दोन, वर्धा नदीवर सगळे बैल धुवायला न्यायचे पोळ्याच्या आधी. हे ऐकल्यावर काही शिल्लक राहत नाही. धामणगाव तालुक्याची एक हद्दच वर्धा नदीची आहे, नांदगाव खंडेश्वर तालुक्याला वर्धा नदी कुठंच लागत नाही. आणि नागपूर-भुसावळ लाइनवरचं धामणगाव स्टेशन त्या बाजूच्या कापसाचं जुनं ठिकाण आहे, नांदगाव खंडेश्वरला तर रेल्वेच नाही.

म्हाताऱ्या माणसांना विचारायची पण पद्धत असते. "गाव कोणत्या तालुक्यात होतं" असं विचारलं की ते आजचा तालुका सांगतात नाहीतर जो ऐकला असेल तो सांगतात. त्यापेक्षा विचारा बाजार कोणत्या वारी भरायचा, दळण कुठं, दवाखान्यात नेलं तर कुठं, एसटी कोणत्या फाट्यावर पकडायची, पावसाळ्यात कोणता नाला आडवा यायचा. पायानं चाललेली गोष्ट माणूस विसरत नाही.

तर त्या वाया गेलेल्या दिवशी काय झालं तेही सांगतो. आम्ही मंगरूळ चव्हाळ्याला पारावर जाऊन दोस्ताचं आडनाव सांगितलं. तिथल्या एका आजोबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ह्या आडनावाचं आमच्या गावात एकबी घर नाही बाप्पा, अन् माह्या बापाच्या वक्तालेबी नव्हतं. तुमी दस्तगीरले जाऊन पाहा." पंधरा सेकंदात काम झालं. म्हणजे मॅपवर बोटं फिरवत बसण्यापेक्षा दोन्ही गावांत एकेक फोन लावणं स्वस्त पडतं. सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल, नाहीतर पोस्टातला माणूस, कोणीही सांगतो. फक्त आडनाव नाही म्हणजे गाव चूक असं धरू नका, घराणी उठून जातात. आडनाव आहे ही पण अर्धीच खूण आहे, देशमुख, ठाकरे, राऊत तर सगळीकडंच आहेत.

गाव ठरलं की मग मॅप. आता मॅपला नुसतं मंगरूळ विचारायचं नाही, शेपटासह पूर्ण नाव आणि तालुका टाकायचा. पिन पडली की तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि पिन घरांवर आहे का शेतात आहे ते बघा. खूपदा ती शिवाराच्या मधोमध पडलेली असते आणि गावठाण दोन किलोमीटर बाजूला असतं. घरांच्या गर्दीत शाळा नाहीतर देऊळ दिसतं त्याच्यावर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांशाचे आकडे येतात, ते लिहा. विदर्भातलं गाव असेल तर पहिला आकडा 18 ते 22 मध्ये आणि दुसरा 75 ते 81 मध्ये असलाच पाहिजे, उलटे लिहिले गेले तर लगेच कळतं. मग ज्या शेजारी गावांच्या जोरावर तुम्ही निकाल दिला ती पण त्याच नकाशावर शोधा. ती आसपास दिसत नसतील तर थांबा, कुठंतरी चुकलं आहे.

राहिलं जवळचं शहर. हा प्रश्न वाटतो सोपा पण "जवळचं शहर" म्हटल्यावर तीन वेगवेगळी उत्तरं निघतात आणि लोक त्यांची खिचडी करतात.

पहिलं, तालुक्याचं ठिकाण. कागदपत्रं तिथं, पण ते शहर असेलच असं नाही आणि सगळ्यात जवळ असेल असं तर बिलकुल नाही. दुसरं, जनगणनेच्या हिशेबानं जवळचं शहर. 2011 च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावापुढं हा कॉलमच आहे, `Nearest Statutory Town`, शेजारी अंतर किलोमीटरमध्ये. त्यात शहर म्हणजे जिथं महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत असं काही आहे तेच. आणि तिसरं, लोक खरंच जिथं जातात ते, बाजाराला, कापूस विकायला, दवाखान्याला.

या तिन्हींत फरक कसा पडतो ते आमच्या दोन मंगरूळांवरच बघा. दस्तगीरला काही भांडण नाही, तालुका पण धामणगाव, नगरपरिषद पण धामणगावची, बाजार पण तिथलाच. फक्त जनगणनेच्या यादीत धामणगाव शोधाल तर सापडणार नाही, तिथं त्याचं नाव दत्तापूर धामणगाव आहे, दत्तापूर हे जुनं गाव, शहराचं पोलीस स्टेशन आजही दत्तापूरच्याच नावानं आहे. चव्हाळ्याचं मात्र वेगळं. त्याच्या तालुक्याचं ठिकाण नांदगाव खंडेश्वर, पण 2011 ला तिथं नगरपंचायत नव्हती, ती नंतर झाली. म्हणजे 2011 ची पुस्तिका नांदगावला शहर मानतच नाही आणि "जवळचं शहर" म्हणून दुसरंच कुठलं तरी नाव देते. पुस्तिका चूक नाही, ती त्या वर्षापुरती बरोबर आहे. गडचिरोलीत तर हा घोळ अजून मोठा, 2011 ला अख्ख्या जिल्ह्यात नगरपरिषदा दोनच होत्या, गडचिरोली आणि देसाईगंज. चामोर्शी, अहेरी यांना नगरपंचायती नंतर मिळाल्या. म्हणून त्या कॉलममधून घेतलेलं शहर लिहिताना सोबत "2011" लिहायचंच, आणि आजचं पाहिजे असेल तर मधल्या काळात जवळपास नगरपंचायत झाली का ते एकदा तपासायचं.

अंतर मोजताना सरळ रेघ ओढू नका. वर्धा नदीच्या अलीकडच्या काठावरच्या गावाला पलीकडचं पुलगाव नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतं, पण पुलगाव वर्धा जिल्ह्यात आणि मध्ये नदी. पूल जिथं आहे तिथूनच जायचं. वैनगंगेवर पण हेच, वडसा एका काठाला, ब्रह्मपुरी दुसऱ्या, जिल्हे वेगळे पण पूल असल्यामुळं लोकांचं येणंजाणं रोजचं. म्हणजे जिल्ह्याची हद्द आहे म्हणून पलीकडचं शहर बाद करू नका आणि जवळ दिसतं म्हणून पकडू पण नका, मॅपवर रस्त्याचं अंतर काढा. त्यातही छोट्या रस्त्यानं कमी अंतर दाखवत असेल तर मध्ये रपटा आहे का ते गावात विचारा, पावसाळ्यात रपट्यावरून पाणी गेलं की आठ किलोमीटरचं शहर पंचवीस किलोमीटरवर जातं. खात्री करायची असेल तर एसटी कुठली लागते ते विचारा, गावात येणारी गाडी कोणत्या आगाराची आहे यावरून लोक कुठं जातात ते कळतंच.

आम्ही शेवटी दोस्ताच्या फाइलला असं लिहिलं: मौजे मंगरूळ दस्तगीर, ता. धामणगाव रेल्वे, जुना ता. चांदूर, जि. अमरावती, जवळचं शहर धामणगाव रेल्वे, जनगणना 2011 मध्ये दत्तापूर धामणगाव. त्याखाली कोड, अक्षांश-रेखांश, आणि कशावरून ठरवलं ते दोन ओळीत, बोरगाव नि. आणि वर्धा नदी. ती शेवटची दोन ओळींची गोष्ट लोक लिहीत नाहीत आणि मग पाच वर्षांनी भाऊ विचारतो हे कशावरून, तर कोणाला आठवत नाही. कोतवाल बुकाच्या, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, नकलेसाठी अर्ज मग बरोबर तहसीलला गेला. नोंद सापडली, नाव एका अक्षरानं वेगळं लिहिलेलं आहे, पण ते भांडण वेगळं.

सगळंच सुटतं असंही नाही. माझ्याकडं एका घराण्याचा कागद पडून आहे, त्यावर फक्त "लोणी, जि. अकोला", वर्ष 1938, बाकी काही नाही. 1938 चा अकोला म्हणजे आजचा अकोला अन् वाशिम दोन्ही. एक लोणी रिसोड तालुक्यातली, सखाराम महाराजांची, सगळ्यांना माहीत असलेली, म्हणून घरचे म्हणतात तीच लिहून टाका. पण प्रसिद्ध आहे ही काही खूण नाही. मी त्या फाइलवर यादीतल्या सगळ्या लोण्या लिहिल्या आहेत, प्रत्येकीपुढं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह, आणि त्यांच्या आजीचं माहेर कोणतं ते विचारायला सांगितलं आहे.